हृदयाचं वय ६६, फुफ्फुसांचं ८२: कार्डावरचा आकडा तपासायचा कसा आणि वाचायचा कसा

आमच्या दापोली पट्ट्यात पावसाळा संपला की गावोगावी तपासणी शिबिरं लागतात. मी तिथे मोजमापाच्या टेबलावर बसतो. उंची, वजन, बीपी आणि अलीकडे फुंकायचं यंत्र. शेवटी प्रत्येकाला एक कार्ड मिळतं आणि त्यावर दोन वयं असतात, एक हृदयाचं आणि एक फुफ्फुसांचं. कार्ड हातात पडलं की लोक दोन गोष्टी करतात. काही घाबरून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतात, बाकीचे हसून कार्ड खिशात घालतात. दोघंही चुकतात, कारण आकडा बरोबर आहे का हे कुणीच तपासत नाही.

मागच्या हंगामात हर्णै बंदरावरचा एक नाखवा असंच कार्ड घेऊन घरी आला. वय ४६, हृदयाचं ६६, फुफ्फुसांचं ८२. "म्हणजे मी मेल्यातच जमा की काय?" असं त्याने विचारलं. आम्ही सगळं पुन्हा, नीट क्रमाने केलं. तेच टप्पे खाली दिले आहेत, नाखव्याच्या आकड्यांसकट.

## टप्पा १: हे गणित तुमच्यासाठी आहे का

हृदयवयाची बरीचशी गणकयंत्रं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीतून निघालेल्या सूत्रावर चालतात. ते सूत्र ३० ते ७४ वयाच्या, तोपर्यंत हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेल्या माणसांसाठी आहे. एकदा अटॅक येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, तर गणकयंत्र उघडूच नका. तुमचा धोका त्याच्या हिशोबापलीकडचा आहे, आणि येणारा आकडा खोटा दिलासा देईल.

फुंकण्याच्या तपासणीची पथ्यं वेगळी आहेत. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन होऊन थोडेच आठवडे झालेले, थुंकीतून रक्त पडणारं, अशा कुणीही जोर लावून फुंकायचं नाही.

> थांबा: दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, मग फुंकणं. क्षयाचा संशय असलेला माणूस शिबिराच्या यंत्रात फुंकायला बसवणं हे त्याच्याही आणि मागच्या रांगेच्याही हिताचं नाही. छातीत दुखतंय, चालताना दम लागतोय, अशांनी वयाचा आकडा काढत बसू नये, थेट डॉक्टरकडे जावं.

## टप्पा २: उंची भिंतीला टेकून मोजा

हे सगळ्यात सोपं, आणि म्हणून सगळ्यात जास्त चुकणारं. रांग लांब असते, मोजणारा विचारतो, "उंची किती?" आणि माणूस बोलतो, "साडेपाच फूट." पुरुषमंडळी एखादा इंच वाढवूनच सांगतात, हा माझा अनुभव.

चपला काढा. टाचा, पार्श्वभाग, पाठ भिंतीला लावा, नजर समोर ठेवा. डोक्यावर पाटी किंवा जाड वही आडवी धरून भिंतीवर खूण करा आणि टेपने मोजा. नाखव्याने साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच सांगितले होते. भिंतीला लावल्यावर १६५ सेंटिमीटर निघाले, म्हणजे ६५ इंच.

एका इंचाने काय होतं? हृदयवयात जेमतेम अर्ध्या वर्षाचा फरक पडतो, कारण तिथे उंची फक्त बीएमआय काढायला लागते. फुफ्फुसवयात मात्र पुरुषाला जवळजवळ तीन वर्षं आणि स्त्रीला साडेतीन वर्षं वाढतात. उंच माणसाची फुफ्फुसं मोठी असायला हवीत असं सूत्र धरून चालतं. तुम्ही उंची फुगवलीत की तुमची तीच फुफ्फुसं त्याला लहान वाटू लागतात.

वजन ७३.५ किलो, उंची १.६५ मीटर. बीएमआय म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं: ७३.५ भागिले २.७२, उत्तर २७.

## टप्पा ३: बीपी सात दिवस मोजा, एकदा नाही

हृदयवयाच्या गणितात हा आकडा फार महत्त्वाचा आहे आणि शिबिरातला आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो. आमचं शिबिर शाळेत होतं. शाळा वर, वस्ती खाली. नाखवा अख्खी पाखाडी चढून आला, दारात चहा घेतला, त्याआधी खाली एक विडी ओढलेली, आणि आल्या आल्या बाकावर बसून हात पुढे केला. पाठीला टेका नाही, हात लोंबकळलेला, शेजारच्याशी लिलावात सुरमईला काय भाव निघाला याची चर्चा चालू. वरचा आकडा आला १४८. तोच कार्डावर चढला.

घरी मोजायचं ते असं:

१. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर जातो.

२. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, धावपळ नको. लघवीला जाऊन या.

३. पाठीला टेका, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प.

४. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा.

नाखव्याची सरासरी १३४ आली. त्या एका आठवड्यात तो समुद्रावर गेला नव्हता, हे खरं. पण १४८ हा त्याचा नेहमीचा आकडा नव्हता, एवढं नक्की.

> तपासा: सात दिवसांतले आकडे १८० च्या वर जात असतील तर सरासरीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ४: हृदयवयाचा फॉर्म भरा

फ्रेमिंगहॅम सूत्राचे दोन फॉर्म आहेत. एकात वय, स्त्री की पुरुष, बीपीचा वरचा आकडा, बीपीची गोळी चालू आहे का, धूम्रपान, मधुमेह आणि बीएमआय असतं. दुसऱ्यात बीएमआयच्या जागी एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, असतं. रक्ताचा ताजा रिपोर्ट असेल तर दुसरा घ्या, नसेल तर पहिला. मात्र एकदा जो घेतला तोच पुढच्या वर्षीही वापरा. या वर्षी बीएमआयवर ६३ आलं, पुढच्या वर्षी कोलेस्टेरॉलवर ५९ आलं, तर चार वर्षं कमी झाली असं म्हणता येत नाही. तुम्ही फक्त तराजू बदललात.

इंग्लंडची गणकयंत्रं वेगळ्या सूत्रावर चालतात. त्यांत आईवडील-भावंडांना साठीच्या आत हृदयविकार झाला का आणि तुम्ही भारतीय वंशाचे आहात का, हेही विचारतात. फ्रेमिंगहॅममध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. इंग्लंडच्या फॉर्ममध्ये कोलेस्टेरॉल वेगळ्या एककात मागतात, हेही लक्षात ठेवा. आपल्या लॅबचा आकडा ३८.६७ ने भागावा लागतो, म्हणजे आपलं २०० तिथे ५.२ होतं. रकान्यात तसंच २०० टाकलं की फॉर्म अडतो, किंवा अडत नाही आणि काहीतरी भलतंच सांगतो.

फॉर्ममध्ये लोक नेहमी जिथे घसरतात त्या जागा दोन.

गोळीचा रकाना. माझी आत्या ५८ वर्षांची. रोज बीपीची गोळी घेते, आकडा १३४ असतो. तिने "उपचार चालू?" पुढे "नाही" ठोकलं. का, तर "माझं बीपी आता नॉर्मल आहे." आलेलं वय ६२. खरं उत्तर "हो" दिल्यावर ७१. मग ती म्हणाली, "बघ, गोळीनेच वय वाढवलं."

गोळीने नाही वाढवलं. गोळीखाली १३४ असलेला माणूस आधी बरीच वर्षं चढत्या बीपीत काढून आलेला असतो, आणि त्या वर्षांचा मार रक्तवाहिन्यांनी खाल्लेला असतो. सूत्र तो जुना हिशोब धरतं. आत्याने गोळी सोडली आणि बीपी १६० वर गेलं, तर याच सूत्राने तिचं वय ७५ येईल. म्हणून ७१ बघून गोळी बंद करणं हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

तंबाखूचा रकाना. इथे प्रश्न धूम्रपानाचा आहे, म्हणजे ओढण्याचा. गेल्या वर्षभरात नियमित ओढत असाल तर उत्तर "हो". "मागच्या सोमवारी सोडली" म्हणणाऱ्यांनीही "हो"च लिहायचं. दिवसाला दोन विड्या आणि दिवसाला दोन बंडलं यांत सूत्र फरक करत नाही. आणि मशेरी लावणाऱ्या, तंबाखू मळून दाढेखाली धरणाऱ्या माणसाला या फॉर्ममध्ये जागाच नाही. आमच्याकडे कितीतरी बायका दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावतात आणि फॉर्मवर इमानदारीने "धूम्रपान नाही" लिहितात. उत्तर खरं असतं, पण येणारं वय कमी असतं. अशांनी आलेल्या आकड्यावर समाधान मानू नये.

## टप्पा ५: आकडा सुटा करून बघा

नव्या मोजमापांवर नाखव्याचं हृदयवय ६६ ऐवजी ६३ आलं. ६३ म्हणजे हृदय ६३ वर्षांचं झालं असं नाही. कुणी आत डोकावून पाहिलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच: येत्या दहा वर्षांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे होण्याचा नाखव्याचा जो धोका आहे, तो ६३ वर्षांच्या, विडी न ओढणाऱ्या, मधुमेह नसलेल्या, गोळीविना बीपी १२५ आणि बीएमआय २२.५ असलेल्या पुरुषाइतका आहे. तुमच्या धोक्याला शोभणारा दुसरा एक माणूस शोधून त्याचं वय तुमच्या कार्डावर लिहिलं आहे, इतकंच.

म्हणून आकडा सुटा करायचा. पुरुषांच्या बीएमआयवाल्या सूत्रात प्रत्येक गोष्ट वयाला गुणते. विडीचा गुणक साधारण १.२६, मधुमेहाचा १.१९. नाखव्याचं असं झालं:

```
46 × 1.256 (विडी)      = 58
58 × 1.042 (बीपी 134)  = 60
60 × 1.048 (बीएमआय 27) = 63
```

सतरा वर्षं जास्त, त्यांतली बारा विडीची. बीपीची दोन-अडीच, वजनाची तीनच्या आत. कार्डावर नुसतं ६६ बघून नाखव्याच्या बायकोने भात कमी करायला घेतला होता. भात कमी झाला तर वाईट नाही, पण घराला आग लागलेली असताना अंगणातला पाचोळा गोळा करण्यातला तो प्रकार.

हे घरी करायला सूत्र पाठ नको. गणकयंत्रात एकच उत्तर बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि वय किती उतरतं ते लिहा. मग ते उत्तर परत मूळ जागी आणा आणि पुढचं बदला. दोन उत्तरं एकदम बदलली की कशाने किती उतरलं ते कळत नाही. नाखव्यासाठी फक्त विडीचं उत्तर "नाही" केलं तर ६३ चं ५० होतं.

स्त्रियांच्या सूत्रात गुणक वेगळे आहेत. विडीचा गुणक पुरुषांइतकाच, पण मधुमेहाचा १.३३. म्हणजे ४६ वर्षांच्या पुरुषाला एकट्या मधुमेहाने साडेचोपन्न वर्षांवर नेलं, तर त्याच वयाच्या बाईला ६१ वर. बीपीचा भारही बाईवर जास्त पडतो. तेव्हा नवऱ्याचे गुणक लावून बायकोचं वय काढू नका.

> तपासा: वयाच्या शेजारी दहा वर्षांच्या धोक्याची टक्केवारी दिलेली असते, ती वाचलीच पाहिजे. नाखव्याची साडेसोळा टक्के, म्हणजे त्याच्यासारख्या शंभर पुरुषांत सोळा-सतरा जणांना दहा वर्षांत हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा काही ना काही विकार होईल असा अंदाज. विडीशिवाय तीच टक्केवारी साडेआठ. ३२ वर्षांच्या पोराचं हृदयवय ४५ आलं तर घर हादरतं, पण त्याची टक्केवारी बहुधा लहानच असते. उलट सत्तरीला वय फारसं वाढलेलं दिसत नसलं तरी टक्केवारी मोठी असते. वयामुळे माणूस हलतो, पण औषध सुरू करायचं की नाही हे डॉक्टर टक्केवारीवरून ठरवतात.

फ्रेमिंगहॅमची माणसं बहुतांश गोरी अमेरिकन होती. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो, त्यामुळे हे सूत्र आपला धोका थोडा कमीच दाखवत असावं असं धरून चाला, विशेषतः घरात कुणाला पन्नाशीत अटॅक आला असेल तर.

## टप्पा ६: फुंकण्याची तपासणी नीट करून घ्या

आता फुफ्फुसं. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कुणालाच माहीत नसते. फुफ्फुसवयाच्या सूत्रात तुमचं वय नसतंच. विडी नसते, चुलीचा धूर नसतो, दमा नसतो. फक्त तीन गोष्टी असतात: स्त्री की पुरुष, उंची, आणि पहिल्या सेकंदात तुम्ही किती हवा बाहेर फेकली. या हवेला रिपोर्टवर FEV1 म्हणतात आणि ती लिटरमध्ये मोजतात. म्हणजे तुमचं अख्खं फुफ्फुसवय एका सेकंदाच्या फुंकरीवर उभं असतं. फुंकर चुकली की वय चुकलं.

मोबाइलवर श्वास रोखायला लावून "तुमची फुफ्फुसं २५ वर्षांची" सांगणारे खेळ यात धरू नका. खोल पाण्यात बुडी मारणारा पोरगा विडी ओढूनही दीड मिनिट श्वास रोखतो. प्रश्नावली भरून घेऊन फुफ्फुसवय सांगणाऱ्या फॉर्मचंही तेच. फुंकल्याशिवाय हे वय निघत नाही.

तयारी: जाण्याआधी तासभर विडी नको, जड जेवण नको, धावपळ नको. साडीची गाठ, कमरेचा पट्टा सैल करा. दम्याचा पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

फुंकायचं असं: ताठ बसा, पाय जमिनीवर, नाकाला चिमटा. आणखी मावणार नाही इतका खोल श्वास भरा. ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि क्षणही न थांबता, एकदम, जोराने हवा फेका. मग आतलं सगळं संपेपर्यंत, सहा सेकंद किंवा जास्त, फुंकत राहा.

नाखव्याने शिबिरात काय केलं होतं ते मला आठवतं, कारण मीच समोर होतो. त्याने फुंकणीने चुलीत जाळ करतात तसं फुंकलं. आधी हळू, मग वाढवत, लांबवर. चुलीला ते बरोबर, पण इथे पहिल्या सेकंदाचाच हिशोब असतो. रांग लांब होती म्हणून दोनच फुंकरी घेतल्या आणि मोठी ती लिहिली: २.१८ लिटर. ही चूक माझी.

नियम असा की निदान तीन फुंकरी नीट झाल्या पाहिजेत, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन FEV1 मध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नको. अंतर जास्त असेल तर थोडं थांबून पुन्हा. दुसऱ्यांदा नाखव्याचे आकडे आले २.४८, २.५५, २.६२. मोठ्या दोघांत फक्त ७० मिलिलिटर. आता २.६२ वर भरवसा ठेवता येतो.

> तपासा: रिपोर्टवर तीनही फुंकरींचे आकडे आणि आलेख मागा. नुसता एकच आकडा देणाऱ्या कार्डावरून फुफ्फुसवय काढू नका.

## टप्पा ७: फुफ्फुसवय स्वतः काढा

सूत्र सोपं आहे, साध्या कॅल्क्युलेटरवर होतं:

```
पुरुष: 2.870 × उंची(इंच) − 31.250 × FEV1 − 39.375
स्त्री: 3.560 × उंची(इंच) − 40.000 × FEV1 − 77.280
```

रिपोर्टवर FEV1 च्या ओळीत बरेच आकडे असतात. Pred म्हणजे तुमच्यासारख्याचा अपेक्षित आकडा, %Pred म्हणजे अपेक्षितच्या किती टक्के. आपल्याला हवा तो प्रत्यक्ष मोजलेला, लिटरमधला आकडा. खालच्या ओळीतला FVC, म्हणजे अख्ख्या फुंकरीत बाहेर पडलेली एकूण हवा, नको. दम्याच्या रुग्णांना देतात त्या छोट्या नळीवरचा ३८० किंवा ४०० हाही नको, ते वेगळंच माप आहे.

शिबिरात: उंची ६६, FEV1 २.१८. उत्तर ८२.
नीट मोजल्यावर: उंची ६५, FEV1 २.६२. उत्तर ६५.

सतरा वर्षं नुसत्या मोजमापाची. तीन उंचीची, चौदा फुंकरीची.

## टप्पा ८: ६५ हाही आकडा जसाच्या तसा घेऊ नका

हे सूत्र अमेरिकेतल्या, विडी न ओढणाऱ्या गोऱ्या लोकांच्या मोजमापावरून बनवलं आहे. त्याच उंची-वयाच्या निरोगी भारतीय माणसाचा FEV1 त्यांच्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी भरतो, कुठे थोडा कमी, कुठे जास्त. ४६ वर्षांच्या, ६५ इंच उंचीच्या माणसाकडून सूत्र ३.२४ लिटर मागतं. आपल्या निरोगी माणसाचे २.९ च्या आसपास येतात, आणि सूत्र त्याला ५६ वर्षांचा ठरवतं. ज्याने आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यालाही.

त्यामुळे नाखव्याच्या ६५ मधली दहा-एक वर्षं सूत्राच्या परदेशी मापाची आहेत. उरली नऊ-दहा. त्यातही निरोगी माणसांत, सारखं वय आणि उंची असून, अर्ध्या लिटरचा फरक सहज असतो. अर्धा लिटर म्हणजे सूत्राच्या भाषेत पुरुषाला पंधरा वर्षं. नियमात बसणाऱ्या दोन फुंकरींतलं १५० मिलिलिटरचं अंतरसुद्धा पुरुषाला साडेचार-पाच वर्षांचं आणि स्त्रीला सहा वर्षांचं. तेव्हा फुफ्फुसवयातला पाच-सात वर्षांचा फरक हा फरकच नाही.

मग वाचायचं काय? रिपोर्टवरच्या दोन जागा. पहिली, FEV1 भागिले FVC. नाखव्याचा FVC ३.५०, भागाकार ०.७५. पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावरही हा भागाकार ०.७० च्या खाली राहिला, तर श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्याची शंका घ्यायची. विडी ओढणाऱ्यांत आणि चुलीशी वर्षानुवर्षं बसणाऱ्यांत होणारा दम लागण्याचा कायमचा आजार तो हाच. दुसरी जागा %Pred, पण Pred भारतीय मापाने काढलाय का ते विचारून. नाखव्याचं भारतीय मापाने नव्वदच्या आसपास, म्हणजे ठीक.

ही दहा टक्क्यांची सूट देताना मात्र हात आखडता ठेवा. आपली फुफ्फुसं लहान भरण्यात बांध्याचा भाग किती आणि लहानपणच्या उपासमारीचा, धुराचा भाग किती यावर जाणकारांतच वाद आहे. भागाकार बिघडलेला असेल किंवा माणसाला दम लागत असेल तर सूट-बीट काही नाही, डॉक्टर गाठायचा.

दोन्ही गोष्टी कमी आल्या, म्हणजे FVC ही लहान आणि FEV1 ही लहान, पण भागाकार चांगला, तर कारण वेगळं असू शकतं: जुन्या क्षयाचा व्रण, वाढलेलं पोट, वाकलेली पाठ, किंवा अर्धवट भरलेला श्वास. सूत्र या सगळ्याला "म्हातारपण" म्हणतं. पस्तिशीतल्या एका बाईचं फुफ्फुसवय ७० आलं होतं. तिला लहानपणी क्षय होऊन गेला होता. तिच्या बाबतीत वय वाढलं होतं असं नाही, आकाराने फुफ्फुस कमी उरलं होतं, आणि ते कित्येक वर्षं तेवढंच आहे.

> सावध: नळ्या अरुंद नाहीत म्हणजे विडी पचली असं नाही. फुंकण्याच्या तपासणीत कर्करोग दिसत नाही, आणि हृदयाला होणारं नुकसान तर नाहीच. नाखव्याचीच फुफ्फुसं ठीक निघाली, आणि हृदयवयात विडीची बारा वर्षं तशीच उभी आहेत.

## टप्पा ९: पुन्हा कधी मोजायचं

दोन्ही वयं वेगवेगळ्या चालीने बदलतात, म्हणून एकाच दिवशी दोन्हींकडून सारखी अपेक्षा ठेवू नका.

हृदयवय वर्षाने पुन्हा काढा, त्याच फॉर्मवर, पुन्हा सात दिवस बीपी मोजून. विडी सोडून वर्ष झालं की सूत्र "नाही" मान्य करतं आणि आकडा एकदम खाली येतो. प्रत्यक्षात धोका इतक्या झटक्यात जात नाही, हळूहळू उतरतो. सूत्राला फक्त हो आणि नाही कळतं.

फुफ्फुसवय विडी सोडल्यावर मागे येत नाही. गेलेली हवा परत मिळत नाही, बदलते ती घटण्याची चाल. वय वाढतं तसं निरोगी पुरुषाचा FEV1 वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटतो, आणि विडीने ज्यांची फुफ्फुसं बिघडत जातात त्यांचा त्याहून वेगाने. सोडल्यावर चाल पुन्हा मूळ गतीच्या जवळ येते. म्हणजे पुढच्या वर्षी नाखव्याचं वय ६५ च्या ऐवजी ६६ आलं, तरी ते चांगलंच. सुरुवातीला खोकला-बेडका कमी होऊन थोडंफार सुधारतंही, पण त्यावर हिशोब बांधू नका. वर्षाच्या आत पुन्हा फुंकून १५० मिलिलिटरपेक्षा कमी फरक आला, तर काही बदललं असं समजू नये.

कार्डावर तारीख, यंत्र कुठलं, फॉर्म कुठला आणि तीनही फुंकरी लिहून ठेवा. नाखव्याने जुनं कार्ड फाडलं नाही. ८२ वर काट मारून बाजूला ६५ लिहिलंय, त्याखाली ६३ आणि त्यापुढे कंसात "विडी १२". ते कार्ड त्याने होडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवलंय. विडीचं बंडलही त्याच पिशवीत असतं.